दोन वेगळ्या कॉफ्या दर वेळी सारख्याच लागतात: घरच्या कपिंगमधला पाण्याचा दोष

दोन निरनिराळ्या पिशव्यांतील कॉफीच्या बिया सारख्या वजनाने मोजून दळल्या, सारख्या वाट्यांत शेजारीशेजारी मांडल्या, कोरडी पूड हुंगताना दोहोंतला फरक डोळे मिटूनही कळला. पण पाणी ओतून दहा-बारा मिनिटांनी चमच्याने भुरका मारला, तेव्हा दोन्ही वाट्या एकच चव देऊ लागल्या. ती चव किंचित कडवट आणि सपाट होती, आणि घोट गिळल्यावर जिभेवर खडू फिरवल्यासारखी कोरड राहत होती. माझ्याकडे हे सलग पाच रविवार घडले. बिया दोनदा बदलून झाल्या, तरी निकाल तोच राहिला. विदर्भातील गावांत घरी कपिंग, म्हणजे वाट्यांत भिजवलेल्या कॉफ्यांची चमच्याने भुरके मारून तुलना, करणाऱ्या आणखी काही जणांनी हीच तक्रार जवळजवळ याच शब्दांत सांगितली आहे, म्हणून दोष कुठे होता आणि तो कसा सापडला, ते क्रमाने लिहितो.

मी अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात राहतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला हा भाग खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणीच खारट असलेल्या पट्ट्यात मोडतो, हे इथे आधीच सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे त्याभोवतीच फिरते.

माझ्याकडच्या दोन्ही बिया अरेबिकाच्या होत्या, चिकमगळूरकडच्या होत्या आणि दोन्ही मध्यम भाजलेल्या होत्या. फरक होता तो प्रक्रियेचा. पहिली धुतलेली होती, म्हणजे फळाचा गर काढून, चिकटा धुऊन मग वाळवलेली. आपल्या देशातील व्यापारात तिला ‘प्लांटेशन’ म्हणतात. दुसरी फळासकट उन्हात वाळवलेली होती. तिला ‘चेरी’ म्हणतात. धुतलेल्या कॉफीत आंबटपणा स्वच्छ आणि उठून दिसणारा असतो, तर फळासकट वाळवलेलीत गोडवा, जडपणा आणि पिकल्या फळाचा, कधी किंचित आंबवणाचा वास येतो. शिकाऊ जिभेलाही हा फरक सापडावा, म्हणूनच मी ही जोडी निवडली होती. (कॉफी आपल्याच जिल्ह्यात चिखलदऱ्यालाही होते, आणि पुढे मी तीही वाटीत घातली, पण दोष शोधताना ज्या जोडीत फरक असणारच अशी जोडी हाताशी हवी.)

आमच्या घरच्या चाचणीत पहिला भुरका मी मारला आणि दुसरा सौभाग्यवतींनी. त्या म्हणाल्या, “मले तं दोन्ही सारखेच लागतात.” मी ते त्यांच्या सवयीवर ढकलले, कारण त्या एरवी दुधासाखरेचा चहा पितात. प्रत्यक्षात त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. मला जो बारीक फरक ‘वाटत’ होता, तो कोणती वाटी कोणाची हे मला ठाऊक असल्यामुळे वाटत होता.

आधी कृती तपासून घ्यावी

पाण्याकडे जाण्यापूर्वी मापे चुकत नाहीत ना, एवढे पाहून घ्यावे. त्याला फार वेळ लागत नाही. कपिंगचे रूढ प्रमाण दीडशे मिलिलिटर पाण्याला सव्वाआठ ग्रॅम कॉफी असे आहे. घरी दोनशे मिलिलिटरला ११ ग्रॅम धरले की तेच गुणोत्तर बसते आणि सोनाराकडे असतो तसा लहान वजनकाटा पुरतो. पूड जाड रव्याहून थोडी बारीक हवी. प्रत्येक वाटीच्या बिया वेगळ्या मोजून वेगळ्या दळाव्यात, आणि एक जात संपवून दुसरी दळण्याआधी दुसरीच्या चार-पाच बिया दळून फेकून द्याव्यात, म्हणजे यंत्रात अडकलेली पहिलीची पूड निघून जाते. मिक्सर असेल तर लहान भांड्यात थांबत थांबत दळावे. पूड एकसारखी होणार नाही, पण दोन्ही जातींची पूड सारखीच ओबडधोबड होईल आणि तुलनेपुरते ते चालते.

उकळी थांबल्यावर मिनिटभराने पाणी ओतावे, म्हणजे ते साधारण ९३ अंशांवर येते. चार मिनिटे हात लावू नये. वर पुडीचा जाड थर येतो. तो चमच्याच्या पाठीने तीनदा मागे सारत फोडावा आणि त्याच क्षणी नाक वाटीशी न्यावे, कारण कोंडलेला वास तेव्हाच बाहेर पडतो. मग दोन चमच्यांनी फेस काढून टाकावा आणि थांबावे. या थांबण्यातच बहुतेकांचा धीर सुटतो. ओतल्यापासून दहा-बारा मिनिटांनी पहिला भुरका मारावा, आणि तो आवाज करूनच मारावा, कारण कॉफी फवाऱ्यासारखी पसरून टाळूपर्यंत आणि मागून नाकापर्यंत गेली पाहिजे. जेवताना भुरका मारणे आपल्याकडे असभ्य मानतात. इथे तो संकोच सोडावा लागतो. दोन भुरक्यांमध्ये चमचा साध्या पाण्यात बुडवून काढावा, म्हणजे एका वाटीतली कॉफी दुसरीत जात नाही.

स्टीलच्या वाट्या वापरू नयेत असे काही नाही, पण त्या लवकर निवतात आणि हाताला चटकाही देतात. चिनी मातीच्या, एकाच संचातल्या वाट्या घ्याव्यात. माझ्याकडे हे सगळे ठीक होते, तरी दोन्ही वाट्या सारख्याच लागत होत्या.

दोष पाण्यानंतर सुरू होतो, हा धागा

ज्या गोष्टीने मला वाटेवर आणले ती अगदी समोर होती. कोरड्या पुडीचा वास वेगळा येत होता. थर फोडताना येणारा वासही वेगळा होता, फक्त थोडा दबलेला. जिभेवर मात्र फरक नाहीसा होत होता. बिया शिळ्या असत्या, भाजताना जळालेल्या असत्या किंवा दुकानदाराने एकच माल दोन पिशव्यांत भरला असता, तर कोरडा वासही सारखाच आला असता. तेव्हा जे काही बिघडत होते ते पाणी ओतल्यानंतर बिघडत होते. आणि नाकाला फरक कळत असताना जिभेला कळत नसेल, तर जिभेला जे विशेष करून कळते तेच कोणीतरी पुसून टाकत असले पाहिजे. जिभेला कळते ते आंबट, गोड, कडू आणि खारट. त्यांतल्या आंबटावरच आमच्या जोडीतला बराचसा फरक उभा होता.

दुसरा धागा आईच्या स्वयंपाकघरातला. आमच्याकडे नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येते, त्यामुळे धुण्याभांड्याला आणि आंघोळीला बोअरचे पाणी वापरतात. पण तुरीच्या डाळीसाठी आई नळाचे पाणी वेगळ्या गुंडात भरून ठेवते, कारण बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, दाणे बोटचेपे होतच नाहीत. मी कपिंगसाठी किटली भरत होतो ती सरळ बोअरच्या टाकीतून. तिने पाहिले आणि विचारले, “डाळ शिजत नाही त्या पाण्यात, तं तुही कॉफी कशी शिजन?” शास्त्र म्हणून हे वाक्य नेमके नाही, कारण डाळ न शिजण्याचे कारण पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियम असते आणि कॉफी सपाट होण्याचे कारण बायकार्बोनेट असते; पण आमच्या बोअरमध्ये दोन्ही सोबतच राहतात, त्यामुळे तिचा संशय बरोबर ठिकाणी जाऊन बसला.

एक बी, दोन पाणी

मग मी चाचणी उलटी केली. आतापर्यंत एका पाण्यात दोन बिया पाहत होतो. आता धुतलेली एकच कॉफी घेतली आणि दोन वाट्यांत दोन पाणी ओतले. एकीत बोअरचे आणि दुसरीत लग्नकार्याला मागवतात त्या २० लिटरच्या कॅनचे, म्हणजे आरओ केलेले. मापे, पूड, वेळ, वाट्या सगळे सारखे ठेवले.

फरक विचारण्याची गरज पडली नाही. कॅनच्या पाण्याची वाटी संत्र्याच्या किंचित कच्च्या फोडीसारखी आंबट लागली, थोडी पातळ, पण जिवंत. बोअरची वाटी तीच जुनी होती, खडूची कोरड असलेली. रंगही वेगळा दिसला: बोअरच्या वाटीत कॉफी गडद आणि मळकट होती, तर दुसरीत तांबूस आणि थोडी पारदर्शक होती. एकाच बियांच्या दोन वाट्यांतला हा फरक आतापर्यंत दोन बियांत मिळालेल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा होता, आणि निदानाची कसोटी हीच आहे. पाणी बदलल्याने पडणारा फरक जर बी बदलल्याने पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा असेल, तर तुम्ही आजवर बियांची नव्हे, पाण्याची चव घेत आहात.

ज्यांना खात्रीच करून घ्यायची आहे, त्यांनी दोष मुद्दाम तयार करून पाहावा. एक लिटर कॅनच्या पाण्यात अर्धा ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवावा आणि त्याच पाण्याची एक वाटी साध्या कॅनच्या पाण्याच्या वाटीशेजारी मांडावी. एवढ्या सोड्याने पाण्याची क्षारता, म्हणजे मुख्यतः त्यातल्या बायकार्बोनेटचे माप, लिटरमागे सुमारे ३०० मिलिग्रॅमने वाढते, म्हणजे ती साधारण एखाद्या खराब बोअरच्या पातळीवर येते. आंबटपणा नाहीसा झालेला, मचूळ, किंचित साबणासारखा घोट एकदा जिभेने ओळखला की पुढे कोणत्याही गावी, कोणाच्याही घरी कॉफी पिताना हा दोष पहिल्या घोटात कळतो. जिभेला शिकवण्याचे जे काही प्रकार मी केले, त्यांत सर्वांत जास्त उपयोग याच प्रकाराचा झाला.

असे का होते

कॉफीत सायट्रिक, मॅलिक अशी अनेक आम्ले असतात आणि धुतलेल्या, फार गडद न भाजलेल्या कॉफीचा चांगुलपणा बराचसा त्यांच्यात असतो. पाण्यातले बायकार्बोनेट या आम्लांना गाठते आणि त्यांचा आंबटपणा मारते. पोटात जळजळ झाल्यावर सोडा घेतात तेव्हा जे घडते तेच वाटीत घडते. बायकार्बोनेट थोडे असेल तर ते उपकारकच असते, कारण आंबटपणाची धार ते गोल करते. कपिंगसाठी ज्या पाण्याची शिफारस केली जाते त्यात क्षारता लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आसपास आणि एकूण विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, १५० च्या आसपास सांगितलेले असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मात्र क्षारतेची इष्ट मर्यादा २०० आहे, आणि दुसरे पाणी उपलब्ध नसल्यास ६०० पर्यंत मुभा आहे. म्हणजे मानकात बसणारे, अगदी पिण्यायोग्य पाणीसुद्धा कॉफीतला फरक पुसून टाकू शकते.

पुष्कळांना वाटते की पाणी उकळले की सुटले. हे अर्धेच खरे आहे. बायकार्बोनेट जेवढे कॅल्शियमच्या जोडीने असेल तेवढे उकळल्यावर पांढऱ्या थराच्या रूपाने किटलीच्या तळाशी बसते, आणि वरचे पाणी निवळून घेतले तर खरोखर थोडे सुधारते. पण जे सोडियमच्या जोडीने असते ते कितीही उकळले तरी पाण्यातच राहते; उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. खारपाणपट्ट्यात सोडियमच मुबलक असल्यामुळे आमच्याकडे पंधरा मिनिटे खळखळ उकळून, निवळून घेतलेल्या पाण्यानेही वाटी सपाटच राहिली. यवतमाळकडे माझ्या मावसभावाच्या विहिरीचे पाणी मात्र उकळून निवळल्यावर बरेच कामाचे झाले. किटलीत जाड थर धरतो आणि पाणी जिभेला खारट लागत नाही, अशा ठिकाणी आधी हा बिनखर्चाचा उपाय करून पाहावा.

पाणी जुळवणे

नुसते आरओचे पाणी हा पूर्ण उपाय नाही. त्यात क्षार इतके कमी असतात की आंबटपणाला अडवणारे काहीच उरत नाही. वाटी टोकदार आंबट आणि अंगाने पातळ लागते, आणि दोन बियांमधला गोडव्याचा, जडपणाचा फरक आता या आंबटाखाली झाकला जातो. म्हणून मिसळावे लागते. मिसळताना बोअरचे पाणी घेऊ नये, नळाचे घ्यावे, कारण बोअरच्या पाण्यासोबत मीठही येते.

माझ्याकडे टीडीएस मोजणारी पेनासारखी लहान मशीन आहे. तिच्यावर बोअरचे पाणी १४०० दाखवत होते, नळाचे ३२० आणि कॅनचे ४०. पण ती मशीन क्षार किती एवढेच सांगते, कोणते ते सांगत नाही. मीठ आणि बायकार्बोनेट तिला सारखेच. म्हणून माशांच्या टाकीचे सामान विकणाऱ्याकडून क्षारता मोजण्याची थेंबांची बाटली आणली. ठरावीक पाण्यात एकेक थेंब टाकत रंग निळ्याचा पिवळा होईपर्यंत थेंब मोजायचे, आणि एका थेंबामागे लिटरला साधारण १८ मिलिग्रॅम क्षारता धरायची. बोअरच्या पाण्याला २४ थेंब लागले, नळाच्या पाण्याला ९ आणि कॅनच्या पाण्याला एकाच थेंबात रंग बदलला.

एक भाग नळाचे आणि दोन भाग कॅनचे असे मिसळले, तेव्हा मशीनवर १३३ च्या आसपास आकडा आला आणि चौथ्या थेंबाला रंग पालटला, म्हणजे क्षारता ६५ च्या आगेमागे झाली. शिफारशीपेक्षा ही थोडी जास्तच आहे. एकास तीन करूनही पाहिले. आंबट अधिक मोकळे झाले, पण चेरीचा जडपणा कमी झाला, म्हणून तुलनेसाठी एकास दोनच कायम ठेवले. हे माझे मत आहे, त्याला नियम समजू नये. दोन्ही जातींना एकच मिश्रण वापरले, एवढे मात्र पाळलेच पाहिजे. त्या दिवसाचे सगळे पाणी एका भांड्यात आधी मिसळून घ्यावे आणि मगच किटलीत भरावे.

फरक खरोखर सापडला का, हे कसे ठरवावे

नव्या पाण्याने पहिल्याच सकाळी मला फरक जाणवला. पण बोअरच्या पाण्यातही मला फरक ‘जाणवत’च होता, त्यामुळे त्या जाणिवेवर विश्वास ठेवण्यात अर्थ नव्हता. म्हणून तीन वाट्यांची चाचणी केली. तीन वाट्यांपैकी दोहोंत एक जात आणि तिसरीत दुसरी. मांडणारा वेगळा आणि चव घेणारा वेगळा. चव घेणाऱ्याने एवढेच सांगायचे की वेगळी वाटी कोणती. कोणती आवडली, कोणती भारी, हे प्रश्न इथे नाहीत, आणि म्हणूनच ही चाचणी प्रामाणिक आहे.

यासाठी वाट्या लहान केल्या, १०० मिलिलिटरला साडेपाच ग्रॅम. सौभाग्यवतींनी प्रत्येक वाटीच्या बुडाला चिकटपट्टी लावून त्यावर खूण केली आणि मी ओसरीवर थांबलो असताना वाट्या मांडल्या. रोज सकाळी दोन फेऱ्या, असे तीन दिवस; सहांपैकी तीन फेऱ्यांत धुतलेली कॉफी दोन वाट्यांत आणि उरलेल्या तीन फेऱ्यांत चेरी दोन वाट्यांत. दोन्ही मिळून शंभर ग्रॅमच्या आतच कॉफी लागली.

नुसता अंदाज बांधला तरी तिनातून एकदा बरोबर येते, म्हणजे सहा फेऱ्यांत दोन बरोबर आले तर जीभ काहीच सांगत नाही असे धरावे. चार बरोबर येणे निव्वळ अंदाजानेही दहा वेळा केल्यास एखाद्या वेळी जमून जाते, त्यामुळे चारावर फुगून जाऊ नये. पाच किंवा सहा बरोबर येण्याची शक्यता मात्र अंदाजाने शंभरात दोनाहूनही कमी आहे. माझे मिश्र पाण्याने सहांपैकी पाच बरोबर आले. पुढच्या आठवड्यात हीच चाचणी बोअरच्या पाण्याने केली तेव्हा दोन आले. तेवढ्यावर मी बोअरच्या पाण्याचे कपिंग बंद केले.

चुकलेली एक फेरी वाया गेली असे मात्र नाही, कारण ती तपासताना दुसरा, लहान दोष सापडला. त्या सकाळी उकाडा होता म्हणून कूलर लावला होता आणि डावीकडची वाटी त्याच्या झोतात होती. ती लवकर निवली. कॉफी निवत गेली की आंबट आणि गोड अधिक स्पष्ट होतात. त्यामुळे एकाच जातीच्या दोन वाट्यांपैकी निवलेली मला वेगळी वाटली आणि मी तिलाच बोट लावले. हा प्रकार ओळखायची खूण अशी की दर वेळी एकाच बाजूची वाटी सरस ठरते. तसे होत असेल तर पंखा-कूलर बंद करून पाहावे, पाणी ओतण्याचा क्रम एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून ठेवावा, आणि भुरके मारतानाही एकदा पुढे जाऊन उलट दिशेने परत यावे. मे महिन्यात आमच्याकडे कूलर बंद ठेवून दुपारी बसणे शक्यच नाही, आणि बसलेच तर वाट्या अर्धा तास निवत नाहीत. म्हणून उन्हाळ्यात कपिंग सकाळी सातच्या आतच उरकावे. डिसेंबरात उलट अडचण येते: वाट्या इतक्या झपाट्याने थंड होतात की पहिल्या गरम भुरक्याची वेळ निसटते. अशा वेळी वाट्या आधी गरम पाण्याने विसळून घ्याव्यात.

माणसाचाही दोष असतो, पण तो थोडक्यात सांगून टाकतो. शेजारचा एक तरुण उत्साहाने आला, सहांपैकी एकच बरोबर सांगू शकला, आणि मग कळले की येताना त्याने खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचे मिश्रण, घोटून तोंडात टाकला होता. खर्रा, विडी, ठेचा आणि लसणाची फोडणी यांनंतर निदान दोन तास तरी वाटीजवळ जाऊ नये.

नोंद कोणत्या शब्दांत करावी

पाणी सुधारल्यावर फरक कळू लागतो, पण त्याला नाव देता येत नाही, हा पुढचा अडथळा आहे. पिशवीवर छापलेली ब्लूबेरी आणि जास्मिन आम्ही कधी चाखलेली नाहीत, त्यामुळे ते शब्द पाठ करून वहीत लिहिणे म्हणजे दुसऱ्याच्या जिभेची नक्कल करणे होय. आपल्या तोंडाला माहीत असलेल्या चवी वापराव्यात. धुतलेल्या कॉफीच्या पुढे माझ्या वहीत ‘संत्र्याची फोड, शेवटी उसाच्या रसाचा गोडवा’ असे लिहिलेले आहे. चेरीचा वास मला बरेच दिवस पकडता येत नव्हता. एके दिवशी सौभाग्यवतींनी थर फोडताना नाक खाली नेले आणि म्हणाल्या की अंगणात मोहफुले वाळत घातल्यावर असाच वास येतो. त्यांचे माहेर धारणीकडचे असल्यामुळे तो वास त्यांच्या नाकात घर करून होता. गोड, जड, किंचित आंबवलेला: फळासकट वाळवलेल्या कॉफीचे याहून नेमके वर्णन मी वाचलेले नाही.

आंबटाची पायरी ठरवायला एक सोपा सराव आहे. एकाच कॉफीच्या तीन वाट्या कोमट होऊ द्याव्यात, एक तशीच ठेवावी, दुसरीत लिंबाच्या रसाचे दोन थेंब आणि तिसरीत पाच थेंब टाकावेत, आणि कोणाकडून तरी त्यांच्या जागा बदलून घेऊन चढत्या क्रमाने लावून पाहाव्यात. बोअरच्या पाण्यात हा क्रम मला लावता आला नाही; मिश्र पाण्यात दुसऱ्या दिवशी लागला.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. दोन्ही बिया फार गडद भाजलेल्या असतील तर पाणी कितीही जुळवले तरी आंबटपणा भाजण्यातच गेलेला असतो आणि वाट्या जवळजवळच लागतात. तिथे पाण्याला दोष देऊ नये. तसेच चिकोरी मिसळलेली पूड या तुलनेत घेऊ नये, कारण मग जीभ चिकोरीच मोजत बसते.

पाण्याचे प्रमाण एकदा ठरवून विसरून जाण्यासारखे मात्र नाही. जुलैत नळाला गढूळ पाणी आले, ग्रामपंचायतीने पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर जास्त टाकली आणि दोन्ही वाट्यांना एकच औषधी वास येऊ लागला. पाणी रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवून, वर फक्त कापड बांधून, सकाळी उकळले तेव्हा तो वास गेला; पण थेंब मोजले तर नळाच्या पाण्याला ९ ऐवजी ६ लागले, कारण पावसाचे पाणी मिसळलेले होते. तेव्हापासून पावसाळ्यात मी नळ आणि कॅन अर्धे-अर्धे घेतो, आणि दिवाळीनंतर पुन्हा थेंब मोजून एकास दोनवर येतो.